केस काळे, पण किती काळे? घरच्या उजेडात नैसर्गिक लेव्हल ओळखण्याची रीत

सांगलीत कुणालाही विचारा, तुमच्या केसांचा रंग कोणता? उत्तर एकच येतं, काळा. हेअर कलरच्या शेड कार्डावर मात्र या एका काळ्याची तीन-चार घरं असतात आणि आपण नेमके त्यातल्या कुठल्या घरात बसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पार्लरमध्ये माझ्यासमोर खुर्चीत बसणाऱ्या बायकांमध्ये दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणते, ‘माझे अगदी काळेभोर आहेत,’ आणि निघतात दोन नंबरचे. दुसरी म्हणते, ‘माझे मुळात ब्राउनच आहेत हो,’ आणि तिचेही निघतात दोन नंबरचेच. पहिलीने रात्री तेल लावलेलं असतं आणि दुसरी उन्हात काढलेल्या सेल्फीवरून बोलत असते.

हा नंबर, म्हणजेच केसांची लेव्हल, घरच्या घरी नीट काढता येतो. त्यासाठी एक शेड कार्ड, योग्य जागी पडणारा दिवसाचा उजेड आणि मागून बघणारी दुसरी व्यक्ती लागते. रंग लावायचा की नाही, कुठला लावायचा, हे सगळं नंतरचं.

कार्डावर काय बघायचं

लेव्हल म्हणजे केस किती गडद आहेत याचा आकडा. एक म्हणजे काळा, दहा म्हणजे अगदी फिकट सोनेरी. मधले आकडे उतरत्या गडदपणाचे: दोन म्हणजे जवळजवळ काळा वाटणारा तपकिरी, तीन गडद तपकिरी, चार मध्यम तपकिरी, पाच फिकट तपकिरी, आणि सहापासून पुढे सोनेरी केसांचा प्रांत सुरू होतो. आपल्याकडचे न रंगवलेले केस बहुतेक एक ते चार यांतच मिटतात. म्हणजे कार्डाचा अर्ध्याहून जास्त भाग आपल्या कामाचा नाही. सगळी कसरत आहे ती या चार आकड्यांत, आणि तीच अवघड, कारण लांबून चारही काळेच दिसतात.

कार्डावर प्रत्येक आकड्याच्या अनेक बटा असतात. त्यातली नॅचरलची रांग शोधा. तिथे नुसता आकडा असतो, किंवा ३.० असा शून्य असतो, किंवा आकड्यापुढे एन असतो. ३.१, ४.३, ५.४ असे आकडे दिसले तर ते सोडून द्या. बिंदूनंतरचा आकडा छटेचा असतो, बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे राखी आणि ३ म्हणजे सोनेरी झाक. लेव्हल काढताना छटा मध्ये आली की डोळा फसतो, कारण लालसर झाक असलेली बट तितकीच गडद असली तरी आपल्याला फिकट वाटते.

नावांकडेही बघू नका. ‘नॅचरल ब्राउन’, ‘डार्क ब्राउन’ ही नावं कंपनीगणिक सरकतात. एकीचा तीन तो दुसरीचा चार, असंही होतं. म्हणून ज्या कंपनीचा रंग पुढे वापरायचा आहे तिचंच कार्ड घ्यावं. रंगाच्या खोक्याच्या पाठीवर ‘आधीचे केस – नंतरचे केस’ अशी चित्रं असतात, ती लेव्हलचं कार्ड नव्हेत. तो छापील रंग आहे, आणि छपाईतला काळा खोक्याखोक्याला बदलतो. मोबाइलवर उघडलेला चार्ट तर आणखी बेभरवशाचा. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त केला की तीनाचा दोन होतो. खऱ्या बटा चिकटवलेलं कार्डच हवं. ते सौंदर्यप्रसाधनांच्या होलसेल दुकानात मिळतं, नाहीतर ओळखीच्या पार्लरमधून एका दुपारपुरतं मागून आणा. आणताना बटा मळलेल्या नाहीत ना, एवढं बघा. सगळ्यांचे तेलकट हात लागून कार्डावरचा तीन नंबर एक शेड गडद झालेला मी पाहिला आहे. शंका आली तर कार्डाच्या मधल्या, कुणी फारशा न हाताळलेल्या बटांशी ताडून बघा.

आदल्या दिवशीची तयारी

तेल लावलेला केस हमखास गडद दिसतो, ओला केसही तसाच. केसाच्या पृष्ठभागावरची बारीक खवलं तेलाने किंवा पाण्याने भरली की उजेड विखुरण्याऐवजी आत शिरतो आणि डोळ्यापर्यंत कमी येतो. फरक चांगला एक लेव्हल पडू शकतो. म्हणून आदल्या संध्याकाळी केस शाम्पूने दोनदा धुवा. तेलाची सवय असलेल्यांच्या मुळांशी पहिल्या धुण्यात तेल राहतंच. नंतर सीरम, जेल, लिव्ह-ऑन काही लावायचं नाही. पांढरे केस झाकायची काळी पावडर किंवा स्टिक वापरत असाल तर ती त्या दिवशी बंद. रात्रभर केस मोकळे सोडून पूर्ण वाळू द्या.

घरी बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. जड पाण्याचा पांढुरका थर केसावर बसला की चमक जाते आणि केस धुरकट, मातकट दिसतात. तो थर एका तांब्याने निघत नाही, पण नव्याने बसत तरी नाही.

उजेड, आणि आपल्याकडची उत्तरेची खिडकी

रंग बघायला उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्यावा, असं सगळीकडे सांगतात. कारण सरळ आहे: तिथून ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, आणि तो दिवसभर बऱ्यापैकी सारखा राहतो. पण हा नियम थंड देशांतून आला आहे. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सातारा त्याच्या थोडा वर. दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तेव्हा पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला कललेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी आठ वाजता तुमच्या उत्तरेच्या खिडकीतून चक्क ऊन आत येऊ शकतं.

त्यामुळे दिशेपेक्षा उन्हाची तिरीप बघा. खिडकीच्या चौकटीवर, जमिनीवर, समोरच्या भिंतीवर ऊन नसलं की ती खिडकी चालते, मग ती कुठल्याही दिशेची असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेची खिडकी दिवसभर बिनधास्त वापरा. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनच्या मध्ये, ऊन नाही याची खात्री करून. जून-जुलैत सांगलीत पाऊस बेताचा असला तरी आभाळ भरलेलं असतं, आणि अशा पांढऱ्या ढगांचा उजेड या कामाला सगळ्यात चांगला. काळंकुट्ट भरून आलं असेल तर थांबा, कारण कमी उजेडात दोन आणि तीन वेगळे दिसतच नाहीत. साधी कसोटी अशी की त्या जागी बसून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती डोळे न ताणता वाचता आल्या पाहिजेत.

थेट उन्हात का नको? उन्हात प्रत्येक केस पलीकडून उजळतो आणि आतला लालसर-तपकिरी रंग बाहेर येतो. ते खोटं नाही, पण कार्डावरची लेव्हल उन्हासाठी ठरवलेली नसते. उन्हात दोन नंबरचा केसही चारसारखा चमकतो. पिवळ्या बल्बखाली सगळंच उबदार, तपकिरी दिसतं आणि पांढऱ्या एलईडीत निळसर काळं. म्हणून खोलीतले सगळे दिवे बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात ट्यूबलाइटचा उजेड मिसळू देऊ नका.

एक गोष्ट फार जण विसरतात. आपल्या घरांच्या भिंती पांढऱ्या नसतात. पोपटी, गुलाबी, आंब्याच्या रंगाचा डिस्टेंपर असतो, आणि भिंत आपला रंग केसावर फेकते. गॅलरीवर हिरवी जाळी किंवा निळं प्लास्टिक लावलं असेल तर तो उजेड बाद. आंब्याच्या झाडाखालचा उजेडही हिरवट असतो. बसायच्या जागेच्या मागे एक पांढरी चादर टांगा आणि खांद्यावर पांढरा टॉवेल घ्या, म्हणजे लाल साडीचा रंग मानेवरच्या केसात येणार नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर चौकाच्या मधोमध बसू नका. वरून पडणाऱ्या उजेडाने माथ्यावर चकाकी येते आणि तिथले केस फिकट भासतात. चौकाच्या कडेला, ओसरीवर बसा, उजेड बाजूने येऊ द्या. खिडकी असेल तर तिच्यापासून हातभर-दीड हातावर, खांदा खिडकीकडे करून. बाहेरच्या उन्हातून आत आला असाल तर डोळे स्थिरावायला पाच मिनिटं जाऊ द्या.

कुठला केस बघायचा

लांब केसाच्या टोकाला काही वर्षांचं ऊन, पाणी, मेंदी आणि रंग साठलेले असतात. नैसर्गिक लेव्हल मिळते ती फक्त मुळाशी, नव्याने आलेल्या केसात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा याआधी रंग किंवा मेंदी लावली असेल तर निदान दोन-अडीच सेंटिमीटर नवा केस हवा, म्हणजे दोन महिने थांबणं आलं. त्याहून कमी असेल तर कार्ड धरायलाच जागा नसते, आणि खालच्या रंगवलेल्या भागाची सावली वर येते. जोडणीची रेघ दिसत नसेल तर बट बोटांत ताणून उजेडाकडे धरा. मेंदीची लाली जिथे संपते तिथे रंग बदललेला दिसतो, एका जागी एकदम नाही, पण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत.

डोकं सगळीकडे एका लेव्हलचं नसतं. मानेवरचे, आतले केस सगळ्यात गडद. ऊन लागणारा माथा आणि भांगाच्या कडा थोड्या फिकट. कपाळावरची बारीक लव तर आणखी फिकट, ती मोजायचीच नाही. म्हणून चार जागा बघा: भांगाला लागून माथा, एका कानाच्या वर, डोक्याची मागची फुगीर बाजू, आणि मान. प्रत्येक जागी बोटाच्या जाडीची बट उचला.

ताडून बघण्याची पद्धत

आधी कार्डाखालच्या आकड्यांवर कागदी चिकटपट्टी लावून घ्या. हसू येईल, पण याने फार फरक पडतो. एकदा ‘तीन’ वाचलं की डोळा तीनच शोधतो. बघणाऱ्या व्यक्तीला कुठली बट कितव्या नंबरची, हे दिसता कामा नये.

बट टाळूपासून उचलून आडवी धरा आणि तिच्याखाली पांढऱ्या कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर टाळूची गोरी कातडी केसांतून डोकावते आणि केस फिकट वाटतात. आता कार्डाची बट त्याच कागदावर, त्याच दिशेने, केसाला अगदी चिकटवून ठेवा. मध्ये बोटभरही फट नको. कार्डावरची बट दुमडलेली, दाट असते. तेव्हा आपलीही बट तेवढीच दाट हवी. नवा केस पुरेसा लांब असेल तर तो बोटावर दुमडून तसाच छोटा फास करा. पातळ बट दाट नमुन्याशी ताडली की उत्तर हमखास एक लेव्हल फिकट येतं, आणि घरी होणाऱ्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी.

मग डोळे किलकिले करा. बारीक तपशील आणि चकाकी पुसट होते, गडदपणा तेवढा उरतो. कार्ड आणि बट दोन्ही थोडी तिरकी करत राहा, चमक जाईपर्यंत. कार्डावरची बट नायलॉनची असते आणि तिची चमक आपल्या केसासारखी नसते. योग्य लेव्हल सापडली की दोघांमधली कड हरवते. कड दिसत असेल तर कार्ड केसापेक्षा गडद आहे की फिकट, एवढंच ठरवा आणि शेजारच्या बटेवर जा. थेट ‘हीच ती’ असं शोधू नका. एक बट नक्की जास्त गडद आणि एक नक्की जास्त फिकट मिळाली की मधली तुमची. दोन बटांच्या मध्येच अडकलात तर अडीच लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

चारही जागांचे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, तो कागद न बघता पुन्हा करा. दोन्ही दिवसांत एकापेक्षा जास्त फरक आला तर उजेडात गडबड आहे, केसात नाही.

एक, दोन, तीन, चार यांतला फरक

एवढं करूनही एक आणि दोन यांत गोंधळ उरतोच, कारण दाट बटेत दोघंही काळेच. इथे दुसरी कसोटी लावायची. काकवी बरणीत काळी दिसते आणि चमच्यातून बारीक धार सोडली की तपकिरी होते, केसाचंही तसंच. कानामागची पातळ बट, वीस-पंचवीस केसांची, बोटांत पंख्यासारखी पसरवा आणि खिडकीच्या आभाळाकडे धरून आरपार बघा. उन्हाकडे नव्हे. कडांच्या सुट्या केसांतही कुठेच तपकिरी दिसला नाही, फक्त निळसर काळी झाक राहिली, तर एक. बट एकत्र असताना काळी, पण पसरल्यावर कडेचे केस गडद चॉकलेटी दिसले, तर दोन. आपल्याकडे ज्याला काळेभोर म्हणतात ते बहुतेक या दोनात येतात. खरा एक समजतो त्यापेक्षा कमी असतो.

तीन नंबरला आरपार बघायची गरज पडत नाही. खोलीतल्या सावलीत, बट दुमडून धरली तरी तिच्या कडेला तपकिरीपणा कळतो. शेजारी काळी बांगडी किंवा काळा दोरा ठेवला की फरक लगेच दिसतो. चार नंबरचा माणूस लहानपणापासून ‘भुऱ्या केसांचा’ म्हणून ओळखला जातो. त्याला कार्ड लागतच नाही, तरी मुळाशी एकदा बघावं, कारण लहानपणी चारवर असलेले केस मोठेपणी तीनवर आलेले असतात.

पांढरे केस असतील तर बघण्याआधी ते बटेतून वेगळे करा. नैसर्गिक लेव्हल म्हणजे उरलेल्या रंगीत केसांची लेव्हल. दर चार केसांत एक पांढरा असेल तर लांबून सगळं डोकं एखादा लेव्हल फिकट भासतं, आणि बघणारा दोनला तीन म्हणतो. पांढऱ्यांचं प्रमाण वेगळं लिहा. भांगाजवळची एक छोटी बट घेऊन वीस केस मोजा, त्यात पाच पांढरे आले तर तिथे पंचवीस टक्के. कानशिलांवर आणि माथ्यावर प्रमाण निराळं निघणारच.

मोबाइलचा एक उपयोग मात्र करून घ्यावा. मागचा कॅमेरा, फ्लॅश बंद, ब्युटी मोड बंद. आणि केसाची बट व कार्डाच्या दोन-तीन बटा एकाच फोटोत. तो फोटो एडिटमध्ये जाऊन काळा-पांढरा करा. रंगाची झाक निघून जाते आणि गडदपणा तेवढा उरतो, मेंदीची थोडी लाली वर चढलेली असेल तर हे फार कामाचं. नुसत्या केसाच्या फोटोवरून मात्र काहीच ठरवू नका. समोर काळं दिसलं की फोन आपणहून फोटो उजळवतो. कार्ड शेजारी असलं की दोन्ही सारखेच उजळतात, म्हणून तुलना टिकते.

एका डोक्याचा हिशेब

माझ्या धाकट्या जावेचं उदाहरण सांगते, ती विश्रामबागला राहते. कित्येक वर्षं दर महिन्याला मेंदी, मग कंटाळून ती बंद केली. पुढच्या दिवाळीत तिला रंग लावायचा होता, आणि तिचं ठाम मत, ‘माझे केस पाच नंबरचे, बघा ना किती ब्राउन आहेत.’ कमरेपर्यंतच्या वेणीचा शेवटचा हातभर भाग खरंच पाचासारखा दिसत होता, पण तो मेंदीचा आणि उन्हाचा. मेंदीतला लॉसोन केसाच्या केरॅटिनला धरून बसतो, तो धुऊन जात नाही, आणि काळ्या केसावर चढलेली ती लाली केस फिकट असल्याचा भास करते.

नवा केस साधारण सहा सेंटिमीटर होता, म्हणजे बघायला भरपूर. दुपारी साडेबाराला गॅलरीच्या दारात, मागे पांढरी चादर टांगून बसवलं. गॅलरीला हिरवी जाळी होती, ती आधी बाजूला केली. जाळी असताना बघितलं होतं तेव्हा सगळं एकसारखं मातकट दिसत होतं. पुतणीने कार्ड धरलं, कारण ती कुणाचीच बाजू घेणार नव्हती. भांगाला लागून तीन, कानावर अडीच, मागची बाजू दोन, मान दोन. मानेवरची बट पंख्यासारखी पसरली तेव्हा कडेला चॉकलेटी रंग दिसला, म्हणजे एक नाही, दोनच. कानशिलावर वीसात चार-पाच पांढरे, माथ्यावर एखादाच. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा बघितलं तर कानावरचा अडीच दोनवर आला, बाकी तेच.

आता हे आकडे हाताशी घेऊन तिची इच्छा तपासली. तिला पाच हवा होता, आणि घरी आणलेल्या खोक्यात २० व्हॉल्यूमचा, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर होता. त्याने नैसर्गिक केस एक ते दोन लेव्हल उजळतो, त्याच्या वर नाही. भांगाजवळ तीनाचा पाच ओढूनताणून झाला असता. मानेवर दोनाचा पाच म्हणजे तीन पावलं, ते झालंच नसतं. पुढून तपकिरी आणि मागून काळं असं डोकं झालं असतं. शिवाय गडद केस उजळताना आधी आतला लाल रंग वर येतो, म्हणून जो काही पाच झाला असता तो तांबूसच दिसला असता. आणि मेंदीच्या खालच्या भागावर रंगाचा भरवसा नाही. तिने स्वतःला पाच समजून पाचाचं खोकं लावलं असतं तर मानेवर काहीच बदल दिसला नसता आणि दोष खोक्याला गेला असता. शेवटी तिने चार घेतला, मागच्या बाजूला आधी लावून थोडा जास्त वेळ ठेवायचा आणि पुढे नंतर लावायचा, असं ठरलं. अर्थात ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघितल्यावरच.

एकाच डोक्यावर दोन आकडे आले की कुठला धरायचा, हे काय करायचंय त्यावर ठरतं. केस उजळवायचे असतील तर गडद आकडा धरा, कारण अडणार तो तिथेच. नुसते पांढरे झाकायचे असतील तर फिकट आकडा धरा. पांढऱ्या केसावर रंग अपेक्षेपेक्षा गडद बसतो, आणि कमी पडलेला रंग पुढच्या वेळी वाढवता येतो, पण एकदा बसलेला गडद रंग दुसऱ्या रंगाने फिका होत नाही.

मेंदीच्या बाबतीत आणखी एक. पुडीवर ‘काळी मेंदी’ लिहिलं असेल तर ती नुसती मेंदी नसते, तिच्यात रंगाची रसायनं असतात, काहींत धातूंचे क्षारही. असा केस मुळापर्यंत काळाच दिसतो आणि कार्ड एक दाखवतं. तो तुमचा नैसर्गिक एक नव्हे. ती बंद करून नवा केस यायची वाट बघण्याला पर्याय नाही, आणि धातूचे क्षार असलेल्या केसावर पेरॉक्साइडचा रंग तापू शकतो, केस तुटू शकतात. अशा वेळी पार्लरमध्ये पुडीचं पाकीटच घेऊन जा.

आकडे लिहून ठेवताना नुसतं ‘लेव्हल तीन’ लिहू नका. ‘माथा ३, कान २, मागे २, मान २, कानशिलाला पाव पांढरे, खाली मेंदी, नवा केस ६ सेंमी’ असं लिहा, आणि कुठल्या कंपनीचं कार्ड वापरलं तेही. साताऱ्याला बदली झाली, नवं पार्लर धरलं, तर ही एक ओळ दाखवली की समोरच्या बाईला तुमचं डोकं पहिल्यापासून तपासायला लागत नाही. आणि तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर ती मानेवर एकदा ताडून आपला आकडा लावून घेईल. वर्ष-दोन वर्षांनी, पांढरे वाढले की पुन्हा बघा. कार्ड परत करायचं नसेल तर कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, कारण खिडकीत पडून राहिलं तर त्याच्याही बटांचा रंग उडतो.